रीच, फ्रिक्वेन्सी, जीआरपी: तिन्ही माध्यमांचे टक्के एकमेकांत का मिळवू नयेत

आमच्या ग्राहकांसाठी, कोल्हापूर

मीडिया प्लॅनचा कागद हातात पडला की बरेच ग्राहक थेट रीचच्या रकान्यावर जातात आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतात. रेडिओचे ४० टक्के, होर्डिंगचे ५०, मोबाइलचे ३०. बेरीज १२०. मग दोनपैकी एक प्रश्न येतो. "शंभराच्या वर कसे काय गेले?" किंवा "शंभराच्या वर गेलेच आहे, तर मोबाइलचे काढून टाकूया की!" पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. दुसऱ्यापायी मात्र दर पाडव्याला आणि दिवाळीला प्लॅन दोन-तीनदा फिरतो, आणि त्या फिरवाफिरवीत मोक्याचे होर्डिंग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागते. म्हणून हा कागद छापला आहे.

उदाहरण आपल्या गावातलेच घेऊ. दुचाकीचे एक शोरूम आहे, गुढीपाडव्याच्या बुकिंगसाठी जाहिरात करायची आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरले आहेत, पद्धत मात्र आम्ही रोज वापरतो तीच आहे.

आधी ठरवायचे ते कुणातले टक्के. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका हद्दीत सुमारे ५ लाख ४९ हजार लोक होते. त्यातली लहान मुले आणि वयस्कर मंडळी वगळून, गाडी घेऊ शकतील असे १८ ते ५० वयाचे ३ लाख लोक धरूया. पुढचा प्रत्येक टक्का या ३ लाखांतला आहे. आमच्या कागदावर हा आकडा सगळ्यात वर, चौकटीत असतो. तो नुसती शोभा म्हणून नसतो.

रीच म्हणजे या ३ लाखांपैकी किती जणांपर्यंत जाहिरात निदान एकदा पोचली. एक माणूस दहा वेळा भेटला तरी तो एकच मोजायचा. फ्रिक्वेन्सी म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचली, त्यांना ती सरासरी किती वेळा भेटली. रीचचे टक्के गुणिले फ्रिक्वेन्सी म्हणजे जीआरपी. शोरूमने रेडिओवर १५ दिवस, रोज ८ असे १२० स्पॉट घेतले. एका स्पॉटच्या वेळी आपल्या ३ लाखांतले सरासरी २ टक्के लोक, म्हणजे ६,००० जण ऐकत असतात असे धरले, तर १२० गुणिले २, म्हणजे २४० जीआरपी झाले. हे ७ लाख २० हजार वेळा ऐकले जाणे आहे. ऐकणारी वेगवेगळी माणसे १ लाख २० हजार निघाली, तर रीच ४० टक्के आणि फ्रिक्वेन्सी ६.

याच रीतीने पाच होर्डिंगचा महिन्याचा हिशेब ५० टक्के रीच, १२ फ्रिक्वेन्सी, ६०० जीआरपी. मोबाइलवर जाहिरात साडेचार लाख वेळा दिसली, ती ९०,००० जणांना. म्हणजे ३० टक्के, ५ वेळा, १५० जीआरपी. तिन्हींचे मिळून ९९० जीआरपी. जीआरपीची बेरीज चालते, कारण त्यात भेटी मोजलेल्या असतात आणि भेटींची बेरीज होते.

घोळ नेमका कुठे होतो

रीचमध्ये माणसे मोजलेली असतात, आणि तीच ती माणसे तिन्ही यादीत असतात. कसबा बावड्यातून राजारामपुरीला कामाला येणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. सकाळी घरी रेडिओ चालू असतो, तिथे जिंगल ऐकतो. वाटेत दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर थांबतो, समोर होर्डिंग. दुपारी डबा खाताना मोबाइलवर तीच गाडी. टक्क्यांची बेरीज केली की हा एकटा तीन माणसे होऊन बसतो.

बरोबर उत्तर उलट्या बाजूने काढतात. कोण सुटले ते बघायचे. रेडिओने ६० टक्के लोक सुटले. त्यातल्या निम्म्यांना होर्डिंग दिसले नाही, उरले ३० टक्के. त्यातल्या ७० टक्के लोकांना मोबाइलवरही जाहिरात आली नाही, उरले २१ टक्के. म्हणजे तिन्ही माध्यमे मिळून रीच ७९ टक्के, आणि ६३,००० लोकांना शोरूमचे नावही कळले नाही. कॅल्क्युलेटरवर १२० दिसत होते तेव्हा हे ६३,००० लोक कागदावरून गायब झालेले होते. अशा वेळी मोबाइल काढला तर रीच ७९ वरून ७० वर येतो, म्हणजे आणखी २७,००० लोक जातात.

हे ७९ सुद्धा आम्ही वरची मर्यादा समजतो. या हिशेबात धरलेले असते की रेडिओ ऐकण्याचा आणि होर्डिंग दिसण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात जो माणूस दिवसभर बाहेर फिरतो तोच जास्त होर्डिंग बघतो, रिक्षात रेडिओ ऐकतो, मोबाइलही तोच जास्त चाळतो. त्यामुळे एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजला जातो आणि खरा रीच खाली येतो. सगळ्यात मोठ्या माध्यमाच्या, म्हणजे इथे ५० टक्क्यांच्या, खाली मात्र तो जाऊ शकत नाही. अशा प्लॅनवर आम्ही ७० च्या आसपासचा आकडा लिहितो. दुसरीकडे तुम्हाला ७९ किंवा ९० लिहून मिळेल. मधली वजाबाकी कशी केली, एवढे जरूर विचारा.

हीच चूक एकाच माध्यमातही होते. मोबाइल जाहिरातीच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये `Reach` खाली पहिल्या आठवड्यात ४५,०००, दुसऱ्यात ५०,०००, तिसऱ्यात ४८,००० दिसतात. ग्राहक बेरीज करून १ लाख ४३ हजार सांगतात आणि आमच्या कागदावर ९०,००० बघून नाराज होतात. पहिल्या आठवड्यातले बरेच लोक दुसऱ्यातही होते. तीन आठवड्यांची तारीख एकत्र निवडली की स्क्रीनच खरा आकडा देते. `Impressions`, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली, त्याची बेरीज करा, `Reach` ची करू नका.

"तिकडे १,४०० जीआरपी देतात"

मागे एका ग्राहकांनी दुसऱ्या ठिकाणचे कोटेशन आणून टेबलावर ठेवले. तेवढ्याच पैशात १,४०० जीआरपी. आमचे ९९०. त्यांचे म्हणणे साधे होते की मग तुम्ही महाग. कोटेशन उघडून बघितले तर सगळा पैसा होर्डिंगवर, आणि त्यातली बहुतेक एकाच रस्त्यावर. त्या रस्त्याने जाणारा माणूस रोज तोच असतो. रीच आमच्या हिशेबाने ५० टक्क्यांपुढे जात नव्हता, म्हणजे त्याच दीड लाख लोकांना महिन्यात २८ वेळा तेच चित्र. बाकीच्या दीड लाखांना काहीच नाही. जीआरपीचा मोठा आकडा असा सहज तयार होतो. म्हणून आमच्या कोटेशनवर नुसता जीआरपी कधीच सापडणार नाही, शेजारी रीच आणि फ्रिक्वेन्सी असतेच.

रेडिओवर याचा फायदा कसा उठवता येतो तेही सांगतो. सगळे १२० स्पॉट सकाळी आठ ते अकरात टाकले, तर तेच श्रोते रोज भेटतात. रीच ३० टक्के, फ्रिक्वेन्सी ८, जीआरपी २४०. त्यातले चाळीस स्पॉट संध्याकाळी आणि रात्री हलवले, की शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले पाळीवरचे कामगार, दुकान बंद करून घरी जाणारे लोक भेटतात. रीच ४०, फ्रिक्वेन्सी ६, जीआरपी पुन्हा २४०. आकडा हलला नाही, पण ३०,००० नवी माणसे आली. दुचाकी घेणारा ग्राहक यातच जास्त आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

फ्रिक्वेन्सी किती हवी, यावर "तीनदा कानावर गेले की झाले" असे बरेच जण म्हणतात. हे मूळचे हर्बर्ट क्रुगमन यांचे, १९७२ मधले. त्यांना अभिप्रेत होते ते लक्ष देऊन घेतलेले तीन अनुभव: हे काय आहे, याचा मला काय उपयोग, आणि मग आठवण. तीन स्पॉट वाजवा असे त्यांनी म्हटलेले नाही. शिवाय ६ ही सरासरी आहे. दुकानात दिवसभर रेडिओ लावणाऱ्याने पंधरा वेळा ऐकले असेल आणि रिक्षात कधीतरी ऐकणाऱ्याने एकदाच. होर्डिंगच्या १२ मध्ये तर नुसते समोरून जाणेही धरलेले असते, मान वर करून वाचलेच असे नाही. त्यामुळे रेडिओचे ६ आणि होर्डिंगचे १२ यांची तुलना करून होर्डिंग दुप्पट भारी ठरवू नका.

आमचे आकडे किती खरे

मोबाइलचे आकडे कंपन्यांच्या स्वतःच्या मोजणीतून येतात. रेडिओ आणि होर्डिंगचे आकडे कोल्हापुरात अंदाजच असतात, आणि आम्ही ते अंदाज म्हणूनच लिहितो. स्टेशनने दिलेला श्रोत्यांचा आकडा आम्ही जशाचा तसा घेत नाही. होर्डिंगसाठी आमचा मुलगा वही घेऊन चौकातल्या चहाच्या गाड्यावर सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास बसतो आणि दुचाकी, चारचाकी, रिक्षा वेगळ्या रेघांनी मोजतो. कोटेशनला दोन दिवस जास्त लागतात ते यासाठी.

मोजणीतही कुणातले टक्के हा प्रश्न सुटत नाही. तावडे हॉटेलजवळच्या होर्डिंगखालून दिवसभर रग्गड गाड्या जातात, पण त्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे, सांगलीकडे निघालेले लोक भरपूर असतात. ते आपल्या ३ लाखांत नाहीत. ते सगळे धरले तर जीआरपी फुगतो आणि पाडव्याला शोरूममध्ये कुणी वाढत नाही. मोबाइलवरही ठिकाण निवडताना 'इथे राहणारे किंवा नुकतेच येऊन गेलेले' असे सगळे धरले गेले, तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांवर पैसे जातात. याउलट रेडिओ कागलपर्यंत ऐकू येतो आणि कागलचा माणूस गाडी घ्यायला कोल्हापुरात येतो. तुमचे गिऱ्हाईक तिकडून येत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आम्ही ३ लाखांचा पाया बदलून सगळा हिशेब नव्याने मांडतो. प्लॅन मंजूर झाल्यावर हे कळले की सगळेच आकडे बाद होतात, आणि तो वेळ तुमचा आणि आमचा दोघांचाही जातो.

भेटीला येताना मागच्या वर्षीच्या बुकिंगचे रजिस्टर आणा. त्यातल्या पत्त्यांवरून कोणत्या भागातून किती गिऱ्हाईक आले ते तासाभरात निघते, आणि पाया त्यावरूनच ठरतो. दुसरीकडचे कोटेशन असेल तर तेही आणा. त्यातला रीच आणि फ्रिक्वेन्सी आम्ही वेगळी करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. पाडव्यासाठी यायचे असेल तर महाशिवरात्रीच्या आत या. त्यानंतर रेडिओवर जागा मिळते, पण दाभोळकर कॉर्नरची होर्डिंग शिल्लक राहत नाहीत.