टेक्नेशियम-९९एम: मात्रेची वेळ आणि अर्धायुष्य

अस्थिस्कॅनसारख्या तपासण्यांत रुग्णाला टोचतात त्या किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सुमारे ६ तास आहे. सकाळी ८ वाजता मोजलेली किरणोत्सारिता दुपारी २ वाजता निम्मी होते आणि दुसऱ्या दिवशी ८ वाजता सोळावा हिस्सा उरते. त्यामुळे ते साठवून ठेवत नाहीत. रुग्णालयाच्या आण्विक वैद्यक विभागात येतो तो मॉलिब्डेनम-९९ असलेला जनरेटर. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तास असल्याने जनरेटर आठवडाभर पुरतो. ॲल्युमिनाच्या स्तंभातून सलाइन नेले की मॉलिब्डेनमच्या क्षयातून तयार झालेले टेक्नेशियम परटेक्नेटेटच्या रूपात धुऊन निघते, मॉलिब्डेनम मागे चिकटून राहते.

अस्थिस्कॅनसाठी हे द्रावण एमडीपी या हाडांत जाऊन बसणाऱ्या संयुगाच्या किटमध्ये घालतात. समजा, ८ वाजता कुपीत ६ मिलिलिटरमध्ये ६००० मेगाबेकरेल आहेत, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०००. रुग्णाला ७४० मेगाबेकरेल द्यायचे आहेत. ९ वाजता मिलिलिटरमागे ८९१ उरतात, म्हणून ०.८३ मिलिलिटर घ्यावे लागते. ११ वाजता तेवढ्याच मात्रेला १.०५, तर २ वाजता १.४८ मिलिलिटर लागते. सूत्र सोपे आहे: A = A₀ × 0.5^(t/6), वेळ तासांत.

आता ९चा रुग्ण १२ वाजता आला, असे धरू. त्याच्यासाठी ९ला भरून ठेवलेल्या सिरिंजमध्ये ५२३ मेगाबेकरेलच उरलेले असतात. ती तशीच टोचली तर कॅमेऱ्यात मोजले जाणारे किरण कमी पडतात आणि चित्र खरखरीत येते, किंवा रुग्णाला कॅमेऱ्याखाली जास्त वेळ निजवावे लागते. मिलिलिटरमागे ६३० या हिशेबाने कुपीतून नव्याने १.१७ मिलिलिटर काढणे बरे. शिवाय एमडीपी हाडांत बसून मऊ ऊतींतून निघून जायला साधारण २ ते ४ तास लागतात, म्हणून इंजेक्शन लांबले की कॅमेऱ्याची वेळही पुढे सरकते.

पण शिकाऊंच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. मिलिलिटर वाढवून क्षय भरून काढता येतो, बिघडलेले रसायन नाही. किटमधले स्टॅनस कथील परटेक्नेटेटचे क्षपण करते, तेव्हाच टेक्नेशियम एमडीपीशी बांधले जाते. कुपीत हवा शिरली की कथिलाचे ऑक्सिडीकरण होते आणि बंध सुटून परटेक्नेटेट पुन्हा मोकळे होते. म्हणून किटवर छापलेली मुदत, बहुधा काही तासांची, अर्धायुष्यापासून वेगळी पाळावी लागते. डोस कॅलिब्रेटरला हा बिघाड दिसत नाही. आकडा बरोबरच येतो, कारण तो किरण मोजतो, बंध नव्हे. अस्थिचित्रात थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर उजळले तर मोकळ्या परटेक्नेटेटचा संशय घ्यावा. त्याआधीच पकडायचे असेल तर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर थेंब टाकून ॲसिटोनमध्ये धरावी: मोकळे परटेक्नेटेट ॲसिटोनबरोबर टोकापर्यंत चढते, एमडीपीला बांधलेले आरंभरेषेवरच थांबते.

सोमवारी सकाळी आणखी एक अडचण येते. शनिवार-रविवार न धुतलेल्या जनरेटरमध्ये ९९एमचा क्षय होऊन टेक्नेशियम-९९ साचलेले असते. ते कॅमेऱ्यासाठी निरुपयोगी असले तरी रासायनिकदृष्ट्या तेच मूलद्रव्य आहे, त्यामुळे कथिलावर तेही हक्क सांगते. मेंदूच्या स्कॅनसाठी वापरतात त्या एचएमपीएओसारख्या कथील कमी असलेल्या किटला म्हणूनच २४ तासांत आधी एकदा धुतलेल्या जनरेटरचे ताजे द्रावण वापरतात.