ट्रेकिंगचा बूट आधी उलटा करून बघ

चिन्मय, मावशी म्हणाली की ऑगस्टमध्ये तू कॉलेजच्या ग्रुपबरोबर राजगडला निघालायस आणि बुटांसाठी हातात दोन हजार आहेत. तेवढ्यात भागतं. फक्त दुकानात बुटाच्या रंगरूपाकडे बघत बसू नकोस, आधी तो उलटा कर.

गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने चढताना आधी लाल मातीचा चिखल लागतो आणि वर, रेलिंग सुरू होतात तिथे, ओला बसाल्ट. दोन्हीकडे पकड मिळते, पण वेगवेगळ्या कारणांनी. चिखलात तळाचे दाते रुततात. ते साधारण चार-पाच मिलिमीटर खोल असावेत आणि दोन दातांमध्ये पेन्सिल सहज बसेल एवढी जागा असावी. दाते दाटीवाटीने असले की मधला चिखल पडत नाही, आणि दहा मिनिटांत तळ सपाट होतो.

कातळावर दात्यांचा फारसा उपयोग नाही, तिथे रबर कसलं आहे यावर सगळं ठरतं. कोरड्या दगडावर रबर अगदी जवळून टेकतं आणि दोन्ही पृष्ठभागांच्या रेणूंमधलं आकर्षण त्याला धरून ठेवतं. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की ही पकड बरीचशी जाते. मग उरते दुसरी. दगडाला डोळ्यांना जेमतेम दिसतील असे उंचवटे असतात. मऊ रबर वजनाखाली त्यांच्याभोवती दबतं. पाय सरकायला लागला की प्रत्येक उंचवट्यावर रबराला दबावं आणि पुन्हा फुगावं लागतं. यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि तोच सरकण्याला विरोध. याला हिस्टेरेसिस म्हणतात. पाणी असलं तरी हा विरोध टिकतो, पण रबर दबणारं हवं. कडक प्लॅस्टिकसारखा तळ उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो आणि घसरतो.

दुकानात हे ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. तळाच्या दात्यावर नख जोरात दाब. चांगलं रबर थोडं आत जातं आणि हळूच पूर्ववत होतं. कडक तळावर नख नुसतं सरकतं. परीक्षा ढोबळ आहे, पण शेजारी ठेवलेल्या दोन बुटांतला फरक नक्की कळतो. मऊ रबर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतं, म्हणून हे बूट कॉलेजला घालून मिरवू नकोस. आणि शेवाळावर कुठल्याच बुटाचा भरवसा धरू नकोस. शेवाळ ते उंचवटेच बुजवून टाकतं, मग महागडं रबर तरी कशाभोवती दबणार?

आता समज, दुकानदाराने तीन जोड समोर ठेवले. पहिला एकोणीसशेचा, घोट्यापर्यंत उंच, ‘वॉटरप्रूफ’. नख लावलं तर तळ कडक. तो बाजूला ठेव. सह्याद्रीच्या पावसात पाणी तळातून कमी आणि वरून, पायावरून ओघळत जास्त येतं. वॉटरप्रूफ बुटात ते शिरतं आणि तिथेच राहतं. भिजलेली कातडी जास्त घासली जाते, मग फोड येतात. जाळीचा बूट भिजतो, पण निथळतोही.

दुसरा ब्रँडेड, अर्ध्या किमतीत. मोह होईल, पण खोक्यावर एमआरपीजवळ महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाच. पायाखालचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल, तर हवेतल्या दमटपणाने त्यातले बंध हळूहळू तुटत जातात, बूट एकदाही न वापरता. वरून तो कोरा दिसतो आणि एखाद्या चढावर तळ चपलेसारखा लोंबायला लागतो. चार-पाच वर्षांपूर्वीचा माल असेल तर नकोच. मधला थर ईव्हीएचा असला तर हा धोका नाही.

तिसरा चौदाशेचा, साधा, जाळीचा, तळ मऊ, दाते सुटे. हाच घे, पण पायात बसला तरच. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि ट्रेकला तर जास्तच. ट्रेकचे मोजे घालूनच बूट घालून बघ. नाडी सोडून बोटं पुढे टेकव; टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. मग नाडी नीट आवळ आणि दुकानाच्या पायऱ्या दोन-तीनदा उतर. बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर मोठा माग. चढताना हे कळत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला नख पुढे ठोकलं जातं, आणि घरी येईपर्यंत ते काळंनिळं होतं. टाच वर उचलली जात असेल तर मात्र नंबर बदलून उपयोग नाही, दुसरं मॉडेल बघ.

उरलेल्या सहाशेत सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड येतील. सुती घेऊ नकोस, ते भिजले की वाळत नाहीत. आणि राजगडच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी बूट घालून पर्वती चढून उतर. कुठे लागतंय ते तिथेच कळेल, आणि तिथून घरी यायला रिक्षा मिळते.