पहिल्यांदाच जिमला येताय? फी, मुदत आणि फ्रीझचे नियम आधी वाचून घ्या

३० जूनपर्यंत नाव नोंदवलंत तर ३ महिन्यांची फी २,४०० ऐवजी २,१०० रुपये. एका महिन्याचे ९०० आणि वर्षाचे ७,८०० रुपये, त्यांत बदल नाही. प्रवेश फी, लॉकर, ट्रेनर यांचे वेगळे पैसे लागत नाहीत. भरलेली फी मात्र परत मिळत नाही, म्हणून आधी ३ दिवस फुकट येऊन बघा आणि मगच पैसे भरा.

३० जून ही ऑफरची शेवटची तारीख आहे, तुमच्या मेंबरशिपची नव्हे. मेंबरशिपचे दिवस तुम्ही व्यायाम सुरू कराल त्या दिवसापासून मोजतो. फी भरल्यावर १५ दिवसांच्या आत सुरुवात करायची, एवढीच अट. ३ महिने म्हणजे ९० दिवस, त्यात रविवारची सुट्टीही आली. शेवटची तारीख पावतीवर लिहून देतो.

मधेच खंड पडला तर? लग्नसराई, गड्ड्याची यात्रा, आजारपण, सोलापुरात कारणं निघतातच. ३ महिन्यांच्या मेंबरशिपला एकूण १५ दिवस आणि वर्षाच्या मेंबरशिपला ४५ दिवस फ्रीझ मिळतं, म्हणजे तेवढे दिवस मेंबरशिप थांबते आणि शेवटची तारीख पुढे जाते, तेही फुकट. महिन्याच्या मेंबरशिपला ही सोय नाही. एका वेळी किमान ७ दिवसांचं फ्रीझ घ्यावं लागतं, आणि आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवावं लागतं. न कळवता गेलेले दिवस नंतर जोडून देता येत नाहीत. आजारपणात आधी कळवणं जमत नाही, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मागचे दिवसही धरू.

समजा तुम्ही १० जूनला सुरुवात केली. ९० दिवस ७ सप्टेंबरला संपतात. १२ ते २५ जुलै तुम्ही वारीला गेलात आणि ११ तारखेला कळवलंत, तर ते १४ दिवस पुढे जोडले जातात आणि मुदत २१ सप्टेंबरपर्यंत जाते. दोन दिवस आधी परतलात तर तेवढे दिवस आधी सुरू करा. शेवटची तारीख १९ सप्टेंबर होईल.

आता नव्याने येणाऱ्यांसाठी. वजन करणं सक्तीचं नाही, आधीचे-नंतरचे फोटो आम्ही काढत नाही, आणि कुणाच्या शरीरावर शेरा मारलेला इथे चालत नाही. पहिले दोन आठवडे ट्रेडमिलवर चालणं, बाकावरून उठबस आणि हलके डंबेल्स, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतात, ते साहजिक आहे. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि ट्रेनरला सांगा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या.

पंजाबी ड्रेसवर आलात तरी चालेल, फक्त ओढणी मशीनमध्ये अडकते, ती लॉकरमध्ये ठेवा. सोबत बूट, पाण्याची बाटली आणि घरचा टॉवेल आणा.