प्रतिसाद-घट वक्र आणि अंतिम आकड्यांची मुदत

समाजमाध्यमावर टाकलेल्या पोस्टला मिळणारा नवा प्रतिसाद दिवसागणिक कसा ओसरतो, हे दाखवणारी रेषा म्हणजे प्रतिसाद-घट वक्र. पोस्टचे लाइक, सेव्ह, व्ह्यूज हे आकडे कितव्या दिवशी ‘अंतिम’ म्हणून नोंदवायचे, ते या वक्रावरून ठरवतात.

ही मुदत ठरवली नाही तर काय होते, ते कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधील एखाद्या दुकानाच्या मासिक अहवालात चटकन दिसते. महिनाअखेरीला सगळ्या पोस्टचे आकडे एकदम उतरवून घेतले, तर ३ तारखेच्या पोस्टला २७ दिवस मिळालेले असतात आणि २८ तारखेच्या पोस्टला जेमतेम २. मग नवी कुरुंदवाडी चप्पल लोकांना आवडली नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असू शकतो. म्हणून पहिला नियम असा की तारीख नव्हे, वय सारखे धरावे. वयही तासांत मोजावे. संध्याकाळी ७ वाजता टाकलेल्या पोस्टचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ ला संपतो. मध्यरात्री तोडला तर त्याला ५ च तास मिळतात.

मुदत काढण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे उरलेल्या प्रतिसादाचा अंदाज. रोजचा नवा आकडा आदल्या दिवसाच्या आकड्याने भागला की घटीचे गुणोत्तर मिळते. हे गुणोत्तर स्थिर असेल तर पुढे येणारा एकूण प्रतिसाद असा निघतो:

```
उरलेला = शेवटच्या दिवसाचा आकडा × गुणोत्तर ÷ (1 − गुणोत्तर)
```

गुणोत्तर ०.५ असेल, म्हणजे प्रतिसाद रोज निम्मा होत असेल, तर ५ दिवसांत जवळपास ९७ टक्के प्रतिसाद येऊन गेलेला असतो. ०.८ असेल तर ९५ टक्के गाठायला १४ दिवस लागतात.

अडचण अशी की गुणोत्तर सहसा स्थिर राहत नाही. समजा, कापशी चप्पलची वेणी घालतानाच्या रीलला पहिल्या ७ दिवसांत रोज ४०००, २०००, १२००, ८००, ६००, ५०० आणि ४२० नवे व्ह्यूज आले. पहिल्या दोन दिवसांवरून गुणोत्तर ०.५ धरले तर एकूण ८००० वर थांबायला हवे. प्रत्यक्षात सातव्या दिवशीच बेरीज ९५२० होते. गुणोत्तर ०.५ वरून चढत चढत ०.८४ वर आलेले आहे. ते धरले तर अजून सुमारे २२०० व्ह्यूज यायचे आहेत, म्हणजे आठवडा संपताना ८१ टक्केच आकडा हाती आहे. शिवाय गुणोत्तर चढतेच राहिले तर २२०० हाही कमीच अंदाज ठरेल. चढते गुणोत्तर ही लांब शेपटीची, म्हणजे थोडाथोडा प्रतिसाद बराच काळ येत राहण्याची, खूण आहे. ती दिसली की सूत्रावर विसंबू नये. जुन्या १५-२० रीलचे ३० दिवसांपर्यंतचे रोजचे आकडे मांडावेत, प्रत्येक दिवशी ३० व्या दिवसाच्या किती टक्के प्रतिसाद जमला होता ते काढावे आणि त्याचा मध्यक ९५ टक्क्यांवर जातो तो दिवस मुदत म्हणून धरावा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एकच व्हायरल रील सरासरी ओढून नेते.

हा वक्र माध्यमागणिक किती बदलतो, ते गाबोर साबो आणि बर्नार्डो ह्युबरमन यांच्या २०१० मधील अभ्यासातून स्पष्ट झाले. ३० दिवसांनंतरची लोकप्रियता १० टक्के चुकीच्या मर्यादेत सांगायला डिग या संकेतस्थळावरील बातम्यांसाठी पहिले दोन तास पुरले, यूट्यूबच्या व्हिडिओंसाठी मात्र १० दिवस लागले. त्यामुळे फोटो आणि रील यांना एकच मुदत लावणे मला चुकीचे वाटते. एकाच पोस्टचे लाइक आणि सेव्ह यांचे वक्रही वेगळे काढून पाहावेत, आणि अहवालात ज्या आकड्याला महत्त्व आहे त्याच्या वक्रावरून मुदत ठरवावी.

काही पोस्ट ओसरून पुन्हा उसळतात. अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव वर्षातून दोनदा येतो, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरमध्ये. मावळतीची किरणे गाभाऱ्यात पोहोचल्याचा फेब्रुवारीतला व्हिडिओ नोव्हेंबरमध्ये पुन्हा फिरू लागला, तर त्याचा आधीचा अंतिम आकडा बदलू नये. दुसरी उसळी स्वतंत्र नोंदवावी. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्ट तर मुदत काढण्याच्या संचातून वगळाव्यात. त्यांचा वक्र बूस्ट संपेपर्यंत वर राहतो आणि मग एकदम कोसळतो. तो कोसळण्याचा दिवस आपल्या बजेटने ठरवलेला असतो.