प्रिंटरच्या एएमसीसाठी ऑफिस मॅनेजरचं प्रस्तावपत्र

प्रिंटर बिघडला की मेकॅनिक बोलवायचा आणि दर वेळी व्हिजिट चार्ज द्यायचा, त्यापेक्षा वर्षाचा मेंटेनन्स करार म्हणजे एएमसी करून टाकू, असं ऑफिस मॅनेजर साहेबांना किंवा अकाउंट्सला ज्या पत्रातून सुचवतो ते हे पत्र. पत्राचा जीव असतो मागच्या वर्षीच्या बिलांमध्ये. "खर्च फार होतोय" एवढंच लिहिलं तर अकाउंट्सवाले पहिला प्रश्न विचारतात, किती?

आता बिलाची नुसती टोटल टाकून चालत नाही, कारण साधी एएमसी फक्त मजुरी कव्हर करते, पार्टचे पैसे वेगळेच द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक बिलातून व्हिजिट चार्ज आणि पार्टची किंमत वेगवेगळी काढायची, आणि टोनर तर हिशोबात धरायचाच नाही, तो बहुतेक करारांत बाहेरच असतो.

उदाहरण घेऊ. ऑफिसात 5 प्रिंटर, वर्षात 16 व्हिजिट, आणि पाचही मशीनच्या एएमसीचं कोटेशन 12 व्हिजिटच्या पैशांएवढं. वरवर पाहता 4 व्हिजिट वाचल्या. पण बिलं नीट वाचली तर त्यातल्या 3 व्हिजिट वॉरंटीत असलेल्या नव्या प्रिंटरच्या निघतात, म्हणजे तिथे पैसे द्यायलाच नको होते, आणि 2 ड्रायव्हर किंवा नेटवर्कच्या, ज्या या करारात बसत नाहीत. उरल्या 11, म्हणजे हा करार उलट महाग पडतो! मग वॉरंटीतलं मशीन वगळून 4 प्रिंटरचंच कोटेशन मागायचं, त्याच दराने ते साडेनऊ व्हिजिटच्या आसपास येतं. बचत दीडच व्हिजिटची, पत्रात तेवढीच लिहावी, फुगवू नये. त्याशिवाय दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करारात लिहून घेतलं तर ते वरचा फायदा.

सर्व्हिसिंगचा फायदा मात्र खरा आहे. कागद ओढला न जाणं, दोन-दोन कागद एकदम जाणं, सारखा जॅम, हे बऱ्याचदा पिकअप रोलरवर कागदाची धूळ बसून रबर गुळगुळीत झाल्यामुळे होतं आणि वेळेवर पुसलं तर यातल्या काही व्हिजिट टळतात, पण रबर झिजलेलंच असेल तर रोलर बदलावाच लागतो.

पार्टसकट कॉम्प्रिहेन्सिव्ह करार महाग असतो. मशीन जुनं असेल, टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्युजर बदलायची वेळ जवळ आली असेल तरच तो विचारात घ्यावा, आणि फ्युजर, रोलर, ड्रम यातलं काय आत काय बाहेर ते नावानिशी लिहून घ्यावं. भांडणं इथेच होतात, कारण सर्व्हिसवाला झिजणाऱ्या पार्टला कन्झ्युमेबल, म्हणजे टोनरसारखी वापरून संपणारी वस्तू, म्हणून मोकळा होतो.

पत्राला प्रत्येक प्रिंटरचा मॉडेल, सिरियल नंबर आणि प्रिंटरमधूनच छापून निघणाऱ्या कॉन्फिगरेशन पेजवरचा पेज काउंट जोडतात. कॉल केल्यावर किती तासांत माणूस येणार हेही कोटेशनमध्येच मागायचं, नाहीतर पैसे आगाऊ गेलेले असतात आणि मशीन बंद पडलेलं.