हिरवी पडलेली पेस्ट आणि कडू झालेली पेस्ट: दोन्ही एक नव्हेत

गेल्या आखाडात माझ्या जावेने पाव किलो लसणाची पेस्ट कचऱ्यात ओतली. कारण काय, तर डब्यात वरचा थर निळसर-हिरवा दिसला. "ताई, खराब झाली, आता कडू लागणार," असं म्हणून ती मोकळी झाली. पेस्ट कालच वाटलेली होती आणि वासाला चोख होती. हाच गोंधळ मी वर्षानुवर्षं बघते. हिरवी दिसली की फेकतात आणि खरोखर कडू असलेली पेस्ट मात्र बिनदिक्कत मटणात जाते.

सोलण्याचं आधी उरकते, ते सगळ्यांना येतं. पाकळ्या सुट्या करा, एका वाडग्यावर दुसरा उपडा धरून जोरात मिनिटभर हलवा, बरीचशी सालं सुटतात. उरलेल्यांना कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पण नंतर कापडावर पसरून अगदी कोरड्या करा. आल्याची माती धुऊन चमच्याच्या कडेने खरवडा. सुरीने सोललं तर सालीबरोबर आलंही जातं. आल्याच्या आडव्या पातळ चकत्या केल्या की दोरे पडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. लसूण ठेचल्यावर त्यातले गंधकाचे घटक त्याच्यातल्याच अमिनो आम्लांशी जुळतात आणि निळा-हिरवा रंग तयार होतो. फ्रीजमध्ये राहिलेल्या गड्ड्यांत हा प्रकार जास्त होतो, आंबटपणा पडला तर आणखी. म्हणून "टिकावी म्हणून लिंबू पिळलं आणि हिरवी झाली," असं बायका सांगतात. या रंगाने चव बिघडत नाही आणि अपायही होत नाही. तो नको असेल तर लसूण बाहेर कोरड्या, हवेशीर टोपलीत ठेवा आणि पेस्टमध्ये लिंबू-व्हिनेगर घालू नका. पांढऱ्या रश्श्यासाठी मी मात्र पेस्ट ताजीच वाटते, कारण तिथे एवढीशी छटाही उठून दिसते. तांबड्या रश्श्याला काही फरक पडत नाही.

कडवटपणाची कारणं वेगळी. पहिलं म्हणजे कोंब. पाकळी उभी चिरा. आत हिरवा कोंब दिसला तर तो काढा, जून लसणात तो कडूच असतो. दुसरं, मिक्सर फार वेळ सलग फिरवणं. भांडं गरम होतं आणि वास उग्र होतो, म्हणून थांबून-थांबून फिरवा. तिसरं कारण तर पेस्टचं नसतंच. तापलेल्या तेलात पेस्ट टाकून ती तपकिरी होईपर्यंत परतली की लसूण जळतो आणि दोष डब्यावर येतो.

शंका असेल तर अर्धा चमचा पेस्ट मंद आचेवर थोड्या तेलात कच्चा वास जाईपर्यंतच परता आणि चाखा. कच्च्या लसणाचा झणका परतल्यावर निवतो, कडवटपणा तसाच राहतो. तो राहिला तर पेस्ट कडू आहे. रंग कसाही असो.

खराब झालेली पेस्ट आणखी तिसरीच. आंबूस वास, बुडबुडे, झाकण फुगणं, बुरशी किंवा चिकट तारा दिसल्या की चाखूही नका, सरळ फेका.

साठवण्याचं माझं प्रमाण असं: सोललेला लसूण पाव किलो, आलं दोनशे ग्रॅम, मीठ एक चमचा, तेल दोन चमचे, पाणी नाही. मिक्सर अडला तर तेल अजून एक चमचा. चार दिवसांत संपेल एवढी छोट्या काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवते आणि कोरड्या चमच्यानेच काढते. बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवते, मग ते खडे पिशवीत काढून दोन-तीन महिने वापरते. खडा तसाच कढईत टाकायचा, आधी वितळवायचा नाही.

"तेल घातलंय, ओट्यावर टिकेल," हे वाक्य तेवढं कुणी बोलू नये असं मला वाटतं. तेलाखाली हवा जात नाही आणि लसणात आंबटपणा नसतो. अशा जागी बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात आणि त्याचा वास, रंग, चव काहीच कळत नाही. घातलेल्या चमचाभर मिठाने तो धोका जात नाही. जावेने हिरवी पेस्ट फेकली त्या दिवशी तिच्या ओट्यावर तेलात बुडवलेल्या लसणाची बरणी आठवडाभर उभी होती. खरं तर तीच फेकायला हवी होती.