मिसळ मसाला: कंपनीचा विकावा की स्वतःच्या नावाचा?

नाशिकच्या रविवार कारंजाच्या आसपासचं एखादं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. फळीवर मिसळ मसाल्याची दोन पाकिटं शेजारी शेजारी आहेत. एकावर नावाजलेल्या कंपनीचं नाव आहे, दुसऱ्यावर दुकानदाराने स्वतः ठेवलेलं नाव. दुकानदाराने कांडलेला मसाला दोन्हींपैकी एकाही पाकिटात नाही. पहिलं डिस्ट्रिब्युटरकडून आलं, दुसरं अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या मसाला कारखान्यातून भरून आलं. त्यामुळे फरक फक्त वेष्टनाचा आहे आणि दुसऱ्यात मार्जिन जवळपास पाचपट आहे, असा समज सहज होतो. मार्जिनचा आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा मोबदला आहे हे हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

तोच मांडू. आकडे नमुन्याचे आहेत आणि सोपेपणासाठी जीएसटी बाजूला ठेवला आहे.

कंपनीचं १०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ८० रुपये, दुकानदाराची खरेदी ७० ची. शेजारचा दुकानदार ७८ ला देतो म्हणून आपणही ७८ लाच द्यायचं. पाकिटामागे सुटले ८ रुपये. महिन्याला ५०० पाकिटं खपली, तर ३५,००० रुपये गुंतून ४,००० सुटतात आणि तीच रक्कम पुढच्या महिन्यात पुन्हा मालात फिरते. सहा महिन्यांत २४,००० रुपये झाले. यात दुकानदाराला मसाला कुणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण गिऱ्हाईक नाव घेऊनच मागतं. माल मुदतीच्या जवळ आला तर कंपनीच्या धोरणाप्रमाणे बदलूनही मिळू शकतो. ते डिस्ट्रिब्युटरला आधीच विचारून ठेवायचं.

आता स्वतःच्या नावाचा. कारखानदार म्हणतो, २०० किलोच्या खाली बॅच लावणार नाही. म्हणजे २,००० पाकिटं. मसाला २८० रुपये किलोने, पाकिटाला २८ रुपये. पाऊच, स्टिकर आणि भरणावळ मिळून ८ रुपये. पाकीट पडलं ३६ ला. एमआरपी ७५ ठेवली तर आपल्या दुकानात ३९ रुपये सुटतात. इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात.

पुढचा कमी लोक करतात. लेबलचं डिझाइन, प्रयोगशाळेतली तपासणी आणि ट्रेडमार्कची सरकारी फी (व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये) धरून १८,५०० रुपये आधीच गेले. मालाचे ७२,००० धरून एकूण गुंतले ९०,५००. पहिल्या सहा महिन्यांत आपल्या दुकानात ५०० पाकिटं खपली, त्याचे ३७,५०० आले. बाकीचं पंचवटी-सातपूरच्या दुकानांत ठेवायला गेलात, तर नव्या नावाला तिथला दुकानदार निदान २० टक्के मागणार, म्हणजे हातात ६० रुपये, तेही उधारीवर. तिथे १,००० गेली, ६०,००० आले. १०० पाकिटं चवीसाठी फुकट वाटली आणि ४०० शिल्लक राहून मुदत संपायच्या वाटेला लागली. एकूण जमा ९७,५००. सहा महिन्यांची कमाई ७,००० रुपये, आणि गुंतवणूक जवळपास अडीचपट.

मग हा धंदा करायचाच कशाला? कारण दुसऱ्या बॅचला ते १८,५०० नसतात. पुन्हा मागणारी गिऱ्हाइकं तयार झाली असतील आणि आपल्या दुकानात ८०० व बाहेर १,१०० पाकिटं गेली, तर जमा १,२६,००० होते आणि ५४,००० सुटतात. पहिली बॅच नफ्यासाठी नसतेच. गिऱ्हाईक त्याच नावाने परत येतं का, एवढंच तिच्यातून कळतं. ते येत नसेल तर ३९ रुपयांचं मार्जिन कागदावरच राहतं. वहीत पाहायचा आकडा विक्रीचा नाही, दुसऱ्यांदा नेणाऱ्यांचा.

नुकसानीची जागा बहुधा पाऊच असते, मसाला नसतो. छापील लॅमिनेटसाठी सहसा ग्रॅव्ह्युअर छपाई वापरतात. तिच्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर आणि छापणाऱ्याची किमान ऑर्डर साधारण १०० किलोच्या पुढे. १०० ग्रॅमच्या पाऊचचं वजन जेमतेम ४ ग्रॅम, म्हणजे १०० किलोत सुमारे २५,००० पाऊच होतात. मसाला २,००० पाकिटांचा आणि पाऊच साडेबारा बॅचचे! मधे कारखाना बदलला की त्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर बदलतो, आणि उरलेले रोल रद्दीत जातात. म्हणून सुरुवातीला साधा चंदेरी पाऊच आणि वर स्टिकर. दिसायला थोडा गरीब दिसतो, पण बदलता येतो.

जबाबदारीचं ओझंही वेगळं पडतं. कंपनीचा बंद माल पक्क्या बिलावर घेतला, नीट ठेवला आणि मुदतीत विकला, तर आतल्या मसाल्याच्या दोषाचा रोख बनवणाऱ्याकडे वळवायला तुमच्या हातात कागद असतो. मुदत संपलेला माल विकलात तर मात्र दोष तुमचाच. स्वतःच्या लेबलवर उत्पादकासोबत ‘मार्केटेड बाय’ म्हणून तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर येतो. लेबल चुकलं तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोटिशीत तुमचंही नाव असू शकतं. आणखी एक गल्लत होते ती अशी: कंपनीची मोठी पिशवी फोडून छोट्या पुड्या बांधायच्या आणि त्यांवर कंपनीचं नाव घालायचं. हे ना स्वतःच्या नावाचा माल, ना कंपनीच्या मालाची फेरविक्री. मूळ माल जसाच्या तसा विकायला ट्रेडमार्क कायदा आडवा येत नाही, पण त्याची स्थिती बदललीत की कंपनी हरकत घेऊ शकते.

नावाचं काय? ‘नाशिक मिसळ मसाला’ हे नाव सगळ्यांनाच सुचतं आणि नोंदणीत तेच अडकतं. गावाचं नाव आणि पदार्थाचं वर्णन यांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. उद्या शेजारच्या दुकानाने तेच लिहिलं तर तुम्ही काही करू शकत नाही. ओळख पटेल असा वेगळा शब्द घ्या, आणि अर्ज स्वतःच्या नावाने करा, कारखानदाराच्या नाही. ट्रेडमार्क मंजूर होण्याआधी वर्तुळातल्या ‘आर’ची खूण छापायची नाही, त्याला दंड होऊ शकतो.

नाव तुमचं झालं तरी चव कारखानदाराकडेच असते. करारात काही नसेल तर तोच मसाला तो दुसऱ्याच्या पाकिटात भरून देईल, आणि तिथे तो १० रुपयांनी स्वस्त मिळेल. म्हणून घटकांचं प्रमाण, मिरचीचा प्रकार आणि ‘हे मिश्रण दुसऱ्याला देणार नाही’ ही अट लिहून घ्यायची. मिरचीचा तिखटपणा आणि रंग हंगामागणिक बदलतात, त्यामुळे करार असूनही बॅच हलते. मिसळीचं गिऱ्हाईक ते तर्रीवरून ओळखतं. पहिल्या बॅचची अर्धा किलो पिशवी हवाबंद करून अंधारात ठेवा. नवा माल आला की दोन्ही मसाले तेवढ्याच तेलात, तेवढ्याच पाण्यात उकळा आणि तर्री शेजारी ठेवून बघा. जुना नमुनाही हळूहळू फिका पडतो, म्हणून पास झालेल्या प्रत्येक बॅचमधून नवा नमुना काढायचा. रंगात किंवा तिखटात फरक डोळ्यांना नि जिभेला सरळ जाणवला, तर माल उतरवून घेण्याआधीच परत करायचा. पैसे चुकते झाल्यावर कारखानदार फोन उचलेलच असं नाही.